दंतचिकित्सा खुर्चीतील साचलेले पाणी : जलनलिका आणि सक्शन-नळ्यांचे जंतुनाशन

दातांच्या दवाखान्यातील खुर्चीला जोडलेल्या यंत्रणेत, म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे डेंटल युनिट म्हटले जाते त्यात, पाण्याचे दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असतात. एक प्रवाह एअरोटर, थ्री-वे सिरिंज आणि स्केलर यांच्याद्वारे रुग्णाच्या तोंडात जातो आणि दुसरा प्रवाह लाळ, रक्त व दाताचा चुरा घेऊन सक्शनच्या नळीतून तोंडाबाहेर येतो. दातांची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करण्याची पद्धत बहुतेक दवाखान्यांत रुळलेली आहे. परंतु त्या निर्जंतुक उपकरणातून जे पाणी तुषाररूपाने बाहेर पडते, ते कोणत्या नळीतून आले आणि त्या नळीत रात्रभर काय घडले, याचा विचार त्या मानाने फार कमी वेळा केला जातो.

साचलेल्या पाण्यात काय घडते

युनिटमधील जलनलिका प्लॅस्टिकच्या असून त्यांचा आतील व्यास साधारणपणे दोन-तीन मिलिमीटरच असतो, आणि सगळ्या अडचणीचे मूळ या अरुंदपणातच आहे. दोन मिलिमीटर व्यासाच्या नळीत एक मिलिलिटर पाण्याला सुमारे २० चौरस सेंटीमीटर भिंतीचा स्पर्श होतो, तर घरातील १५ मिलिमीटर व्यासाच्या नळात तेवढ्याच पाण्याला तीन चौरस सेंटीमीटरपेक्षाही कमी भिंत लाभते. जीवाणूंना चिकटून राहायला पृष्ठभाग हवा असतो आणि तो येथे पाण्याच्या मानाने विपुल मिळतो. शिवाय अशा नळीतून वाहणारे पाणी मध्यभागी वेगाने आणि भिंतीलगत जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे प्रवाह चालू असतानाही भिंतीवरील जीवाणूंना तो फारसा हलवत नाही.

भिंतीला चिकटलेले जीवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करतात आणि त्या आवरणात अनेक जातींचे सूक्ष्मजीव एकत्र वाढतात. या थराला जैवपटल असे म्हणतात. जुन्या विहिरीच्या पायऱ्यांवर पाण्याच्या पातळीलगत जो बुळबुळीत थर धरतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. फरक एवढाच की तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तो नळीच्या आत असतो. नव्या युनिटमध्येही तो काही दिवसांत तयार होऊ शकतो. दिवसाकाठी थोडा वेळ पाणी वाहते आणि उरलेला वेळ, म्हणजे दुपारची सुट्टी, रात्र, रविवार आणि सणांचे दिवस, ते खोलीच्या तापमानाला जागच्या जागी उभे राहते. नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन या काळात संपून जाते, पटलातून सुटलेले जीवाणू साचलेल्या पाण्यात वाढत राहतात, आणि सकाळी पहिल्या रुग्णासाठी पेडल दाबल्याबरोबर ते सगळे तुषारांसह बाहेर येतात. या पाण्याला बहुधा वास किंवा गढूळपणा नसतो, म्हणून ते पाहून किंवा हुंगून शुद्धतेचा अंदाज करणे व्यर्थ ठरते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक दवाखाने युनिटच्या बाटलीत आरओ यंत्राचे किंवा जारचे पाणी भरतात. क्षारांमुळे नळी आणि झडपा खराब होऊ नयेत, या हेतूने ते योग्यही आहे. पण आरओ प्रक्रियेत पाण्यातील क्लोरीन निघून जाते, त्यामुळे असे पाणी क्षारांच्या दृष्टीने स्वच्छ असले तरी जीवाणूंपासून स्वतःचे रक्षण करण्याची शक्ती त्यात उरत नाही. स्वतंत्र बाटली बसवली म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. बाटलीतून चांगले पाणी निघाले तरी ते नळीतील जैवपटलावरून वाहत येतच तोंडापर्यंत पोहोचते.

धोका किती खरा आहे

युनिटच्या पाण्यात जीवाणू वाढतात, हे इंग्लंडमध्ये १९६३ साली प्रथम नोंदवले गेले. त्यातील बहुसंख्य जाती निरोगी माणसाला सहसा बाधत नाहीत, परंतु त्यांच्यासोबत स्यूडोमोनास, लिजिओनेला आणि क्षयरोगाच्या जंतूशी नाते असलेले, पण क्षय न घडवणारे मायकोबॅक्टेरियम हे जंतूही आढळतात. २०११ साली इटलीत एका ८२ वर्षांच्या महिलेचा लिजिओनेलामुळे झालेल्या न्यूमोनियाने मृत्यू झाला, आणि तिच्या शरीरातील जंतू दंतचिकित्सेच्या युनिटमधील पाण्यात सापडलेल्या जंतूशी जनुकीय चाचणीत जुळला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २०१५ साली आणि कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत २०१६ साली लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर पल्पोटॉमी, म्हणजे दाताच्या मगजाचा वरचा भाग काढून टाकण्याची प्रक्रिया, केल्यानंतर मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जंतूचा संसर्ग पसरला. जॉर्जियातील दवाखान्यात प्रक्रियेसाठी युनिटमधून येणारे नळाचे पाणी वापरले जात होते आणि त्याची तपासणी किंवा जंतुनाशन होत नव्हते. दोन्ही ठिकाणी मुलांच्या जबड्यांना व मानेतील गाठींना संसर्ग झाला, आणि अनेकांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

या घटनांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की मगज उघडा असताना, हाड कापताना किंवा हिरडी उघडून काम करताना युनिटचे पाणी कितीही शुद्ध केलेले असले तरी वापरू नये. तेथे निर्जंतुक सलाईन किंवा निर्जंतुक पाणी, तेही निर्जंतुक सिरिंजने किंवा स्वतंत्र निर्जंतुक नळीने, द्यावे लागते. सलाईन युनिटच्या बाटलीत ओतल्याने हा हेतू साध्य होत नाही, कारण ते त्याच नळीतून जाते. दुसरी गोष्ट अशी की असे संसर्ग आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रकट होतात, त्यामुळे रुग्णाची गाठ आणि दवाखान्याचे पाणी यांचा संबंध जुळवणे अवघड जाते, आणि म्हणूनच अशी बहुतेक प्रकरणे नोंदीविना राहण्याची शक्यता असते.

तीन कामे, तीन वेगळे हेतू

अमेरिकेतील रोगनियंत्रण संस्थेने २००३ साली ठरवलेली मर्यादा अशी आहे की, शस्त्रक्रिया नसलेल्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या पाण्यात प्रति मिलिलिटर ५०० पेक्षा जास्त जीवाणू-वसाहती वाढू नयेत. वसाहत म्हणजे पोषक माध्यमावर एका जीवाणूपासून किंवा त्यांच्या पुंजक्यापासून तयार होणारा डोळ्यांना दिसणारा ठिपका होय. ही मर्यादा गाठण्यासाठी पाणी सोडून नळी धुणे, पाण्यात सतत अल्प प्रमाणात जंतुनाशक राखणे आणि ठरावीक काळाने तीव्र जंतुनाशन करणे, अशी तीन कामे लागतात. त्यांतले एक काम दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

पाणी सोडून नळी धुण्याचे काम कुठपर्यंत पुरते, हे साध्या हिशेबाने समजते. दोन मिलिमीटर व्यासाच्या पाच मीटर लांब नळीत सुमारे १६ मिलिलिटर पाणी मावते, आणि उपकरणातून मिनिटाला ५० मिलिलिटर पाणी पडत असेल तर तेवढे पाणी बदलायला सुमारे २० सेकंद लागतात. प्रत्येक रुग्णानंतर उपकरणातून २० ते ३० सेकंद पाणी व हवा सोडावी, असा नियम आहे. त्यामुळे उपकरण थांबताना मागे खेचली गेलेली लाळ व रक्त बाहेर जाण्यास मदत होते आणि म्हणून तो पाळलाच पाहिजे. मागे खेचणे रोखणारी झडप युनिटमध्ये असली तरी ती झिजून निकामी होऊ शकते. सकाळी दोन मिनिटे पाणी सोडल्याने रात्रभर साचलेले पाणी निघून जाते आणि मोजणी तात्पुरती उतरते. परंतु भिंतीवरचे जैवपटल तसेच राहते आणि दुपारपर्यंत पाण्यात पुन्हा जीवाणू सोडते. नळी धुणे हे उपयुक्त काम आहे, उपचार मात्र नाही.

सततच्या जंतुनाशनासाठी बाटलीत टाकायच्या गोळ्या, द्रावणे किंवा नळीत बसवायची कार्ट्रिज मिळतात. त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड, चांदीची संयुगे, आयोडीन किंवा क्लोरीन डायऑक्साइड यांपैकी काहीतरी असते. त्यांचे प्रमाण रुग्णाच्या तोंडात जाण्यास सुरक्षित ठेवलेले असते, म्हणून ती नव्याने येणाऱ्या जीवाणूंना थोपवून धरतात, पण आधीच जाड झालेले पटल उखडून टाकायला सहसा पुरत नाहीत. ते काम तीव्र जंतुनाशनाचे आहे, ज्यात जास्त तीव्रतेचे द्रावण रुग्ण नसताना नळीत भरून ठरावीक वेळ ठेवले जाते आणि नंतर पूर्णपणे धुऊन काढले जाते. कोणते रसायन, किती वेळ आणि किती अंतराने, हे युनिटच्या उत्पादकाच्या पुस्तिकेत व जंतुनाशकाच्या वेष्टनावर पाहूनच ठरवावे. एका युनिटला चालणारे सोडियम हायपोक्लोराइट दुसऱ्या युनिटच्या धातूच्या भागांना गंजवू शकते, आणि दोन वेगवेगळी रसायने एकत्र आल्यास विषारी वायू तयार होण्याचा धोका असतो.

एका दवाखान्याचा हिशेब

समजा, दोन खुर्च्यांचा एक दवाखाना दिवाळीत पाच दिवस बंद होता, बाटलीत आरओचे पाणी तसेच राहिले होते, आणि उघडल्याच्या सकाळी दोन मिनिटे पाणी सोडून काम सुरू झाले. अशा वेळी प्रथम तपासणी करावी, कारण नळीची स्थिती समजल्याशिवाय केलेले जंतुनाशन पुरेसे झाले की नाही, हे कळत नाही. थ्री-वे सिरिंज, एअरोटरची नळी आणि स्केलरची नळी यांची टोके अल्कोहोलने पुसून वाळू द्यावीत, दोन मिनिटे पाणी सोडावे आणि मग निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावे लागते. अन्यथा प्रवासात क्लोरीन जीवाणूंना मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना थंड पेटीतून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. पाण्यातील जीवाणू अन्नाच्या कमतरतेला सरावलेले असतात, म्हणून प्रयोगशाळेला आर-टू-ए नावाच्या कमी पोषण असलेल्या माध्यमावर, २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला, पाच ते सात दिवस ठेवण्यास सांगावे; रक्त किंवा लघवीच्या नमुन्यासाठी वापरल्या जाणाऱ्या माध्यमावर त्यातले बरेच जीवाणू वाढतच नाहीत.

पहिल्या खुर्चीचे पाणी शंभरपट पातळ करून एक मिलिलिटर माध्यमावर पसरले आणि ६४ वसाहती आल्या, तर मूळ पाण्यात प्रति मिलिलिटर ६४ गुणिले १००, म्हणजे ६,४०० वसाहती आहेत; मर्यादेच्या जवळजवळ तेरापट. असा अहवाल आल्याच्या संध्याकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर बाटली रिकामी करून धुवावी, वेष्टनावरील प्रमाणाने तीव्र द्रावण भरावे, हँडपीस काढून ठेवावेत आणि प्रत्येक नळीच्या टोकाशी द्रावण दिसेपर्यंत ते चालवावे. रंगीत द्रावण असल्यास हे सहज कळते. सांगितलेला वेळ पूर्ण झाल्यावर स्वच्छ पाण्याने रंग पूर्णपणे जाईपर्यंत, आणि वेष्टनावर सांगितले असेल तेवढे पाणी संपेपर्यंत, प्रत्येक नळी धुवावी. पटल जाड असेल तर त्याचे तुकडे सुटून हँडपीसचे बारीक छिद्र बुजू शकते. म्हणूनच हँडपीस आधी काढावेत, आणि उत्पादकाची परवानगी असल्यास ही क्रिया लागोपाठच्या काही संध्याकाळी पुन्हा करावी. त्यानंतर सततचे जंतुनाशक सुरू करून एका आठवड्याने पुन्हा नमुना पाठवावा.

दुसऱ्या खुर्चीत वेगळाच प्रकार घडू शकतो. तिन्ही नळ्यांचे पाणी समप्रमाणात एकत्र करून पाठवले आणि अहवाल ४५० आला, तर खुर्ची मर्यादेत आहे असे वाटते. पण स्वतंत्र नमुने घेतल्यावर सिरिंजचे ४०, एअरोटरचे ६० आणि स्केलरचे १,२५० असे आकडे निघू शकतात, ज्यांची सरासरी ४५० हीच आहे. एकत्र नमुना स्वस्त पडतो, पण एक वाईट नळी दोन चांगल्या नळ्यांच्या आड लपते. अशा वेळी स्केलरची नळी उघडून पाहिल्यास तिला जुन्या यंत्रासाठी काढलेली आणि नंतर बूच लावून सोडलेली एखादी शाखा आढळण्याचा संभव असतो. या बंद शाखेत पाणी कधीच वाहत नाही, द्रावणही तेथे पोहोचत नाही, आणि तेथून शेजारच्या नळीत सतत जीवाणू येत राहतात. ती शाखा मुळापासून कापून टाकल्याखेरीज कितीही वेळा जंतुनाशन केले तरी आकडा पुन्हा चढतो. नव्या पद्धतीची सुरुवात केल्यावर दरमहा तपासणी करावी आणि सलग दोन अहवाल मर्यादेत आले की तीन महिन्यांनी एकदा केली तरी पुरते.

सक्शनची नळी : उलट्या दिशेचा धोका

सक्शनच्या नळीतून पदार्थ फक्त बाहेर जातात, असा समज असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात रुग्णाने सलायव्हा इजेक्टरभोवती ओठ घट्ट मिटले तर तोंडातील दाब नळीतील दाबापेक्षा कमी होतो आणि नळीतील द्रव मागे तोंडात येऊ शकतो. नळीचा एखादा भाग रुग्णाच्या तोंडापेक्षा उंच राहिल्यास, किंवा त्याच वेळी मोठ्या क्षमतेचे सक्शन चालू असल्यासही हे घडू शकते. त्या नळीत मागच्या रुग्णाची लाळ व रक्त असते, आणि नुसते टोक बदलल्याने ते निघत नाही. म्हणून इजेक्टरभोवती तोंड मिटू नये, अशी सूचना प्रत्येक रुग्णाला द्यावी, टोक एकदाच वापरून टाकावे आणि प्रत्येक रुग्णानंतर नळीतून पेलाभर थंड पाणी ओढून घ्यावे. पाणी गरम असू नये, कारण उष्णतेने रक्तातील प्रथिने गोठून भिंतीला चिकटतात.

दिवसाच्या शेवटी प्रथम थंड पाणी ओढावे, मग फेस न करणारे, सक्शनसाठीच बनवलेले स्वच्छता-द्रावण वेष्टनावरील प्रमाणाने, साधारण एक लिटर, मोठ्या व लहान अशा दोन्ही नळ्यांतून ओढावे. ते सलग न ओढता मधून मधून नळीचे टोक द्रावणाबाहेर काढून हवा जाऊ द्यावी, म्हणजे भिंतीवर खळबळ होऊन चिकटलेला थर सुटतो. फेस करणारा साबण वापरल्यास तो व्हॅक्यूम पंपात जाऊन बिघाड करतो. घरगुती ब्लीच येथे टाळावे, कारण चांदीच्या भरणीचे, म्हणजे अमालगमचे, कण गाळणीत साठलेले असतात आणि क्लोरीनमुळे त्यांतील पारा पाण्यात विरघळून सांडपाण्यात जातो. गाळणी आठवड्यातून निदान एकदा बदलावी, आणि ती बदलताना हातमोजे, मास्क व चष्मा वापरावा. अमालगमचे कण असलेला कचरा घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवावा. तो जाळण्यासाठी जाणाऱ्या कचऱ्यात टाकल्यास पाऱ्याची वाफ हवेत मिसळते. सक्शनची ताकद कमी झालेली वाटणे, नळीतून वास येणे किंवा हँडलची झडप जड फिरणे, ही आत थर साचल्याची चिन्हे आहेत, आणि अशा वेळी हँडल उघडून झडप व रबरी कडी वेगळी काढून स्वच्छ करावी लागते.

नोंद आणि निर्णय

वर सांगितलेली कामे नियमित होतात की नाही, हे सहायकाच्या स्मरणावर सोडता येत नाही. प्रत्येक खुर्चीजवळ एक वही असावी, तीत सकाळी पाणी सोडल्याची वेळ, बाटली धुतल्याची नोंद, तीव्र जंतुनाशनाची तारीख, वापरलेल्या द्रावणाचे नाव व प्रमाण, आणि तपासणीचा आकडा नळीनुसार लिहिलेला असावा. दवाखाना दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असल्यास बाटली रिकामी करून नळीतील पाणी हवेने काढून टाकावे किंवा उत्पादकाने सांगितलेले द्रावण भरून ठेवावे, आणि पुन्हा उघडताना रुग्ण घेण्याआधी तीव्र जंतुनाशन करावे. त्या वहीतील आकडे लागोपाठच्या जंतुनाशनानंतरही मर्यादेबाहेर राहिले, तर आधी बंद शाखा, निकामी झडप आणि पाणी तापवणारे उपकरण यांचा शोध घ्यावा, कारण कोमट पाण्यात जीवाणू अधिक वेगाने वाढतात. आणि हे सगळे तपासूनही आकडा उतरत नसेल तर नळ्या बदलाव्यात. तोपर्यंत त्या खुर्चीवर पाण्याचे तुषार लागणारे उपचार बंद ठेवावेत, विशेषतः लहान मुले, वृद्ध, मधुमेही आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्यासाठी, कारण निरोगी माणसाच्या शरीरात ज्या जंतूला थारा मिळत नाही, तोच जंतू अशा रुग्णांना गंभीर आजारी पाडू शकतो.